भाडेकरार एका पानावर: भाडेकरूची कामं आणि तारखा कशा काढायच्या

लिव्ह अँड लायसन्स करार हातात आला की बहुतेक जण भाडं आणि डिपॉझिट हे दोन आकडे बघतात आणि पीडीएफ फोनमध्ये टाकून देतात. जे जरा शिस्तीचे असतात ते टिपण काढतात. ते साधारण असं असतं: "भाडं ५ तारखेला. नोटीस १ महिना. लॉक-इन ६ महिने. मुदत २२ महिने, मध्ये वाढ."

यातलं काही खोटं नाही, पण यावर कोणी काम करू शकत नाही. ५ तारखेला दिलेलं भाडं कोणत्या दिवसांचं? लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो सुरुवातीचा काळ, चालू असताना नोटीस देता येते की तो संपल्यावरच द्यायची? वाढ नक्की कोणत्या तारखेपासून? घर सोडताना पैसे अडकतात ते याच प्रश्नांवर. करारात बहुतेक वेळा उत्तर असतं, फक्त ते एखाद्या "परंतु"च्या मागे दडलेलं असतं आणि टिपण काढताना आपण नेमका तो "परंतु"च गाळतो.

इथे दिलेली पद्धत महाराष्ट्रातल्या निवासी लिव्ह अँड लायसन्स करारासाठी आहे. दुसऱ्या राज्यात कायदा वेगळा असतो, त्यामुळे तिथे तारखा मोजायची रीत घ्या, कायद्याच्या गोष्टी नका घेऊ. उदाहरणासाठी एकच करार शेवटपर्यंत धरू: पुण्यातला टू-बीएचके फ्लॅट, सुरुवात १५ जून २०२५, मुदत २२ महिने, भाडं २२,००० रुपये, पहिल्या ११ महिन्यांनंतर ५ टक्के वाढ, डिपॉझिट ७५,०००, लॉक-इन ६ महिने, नोटीस एक महिना, भाडं दरमहा ५ तारखेपर्यंत आगाऊ.

## १. आधी बरोबर प्रत हातात घ्या

एजंट सहीआधी मसुदा पाठवतो. त्यात दोन-तीन दुरुस्त्या होतात आणि मग नोंदणी होते. फोनमध्ये मात्र पहिला मसुदाच राहतो, आणि टिपण त्याच्यावरून निघतं. ही चूक इतकी सर्रास होते की पहिलं काम हेच: नोंदणी झालेली प्रत मागा. तिच्यावर दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीख असते. सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, सुद्धा घ्या आणि मुदत, भाडं, डिपॉझिट हे आकडे त्याच्याशी ताडून बघा.

हातात फक्त नोटरी केलेला करार असेल, तर टिपणात सर्वांत वर तसं लिहा. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे आणि त्याने ती टाळली तर शिक्षेची तरतूदही आहे. म्हणजे ते तुमच्या यादीतलं काम नाही, पण झालं की नाही हे बघणं तुमच्या यादीत येतं.

प्रत छापून घ्या. स्क्रीनवर वाचताना परिशिष्टापर्यंत कोणी पोहोचत नाही, आणि पंखे, गीझर, मॉड्युलर किचन यांची यादी तिथेच असते.

इथे थांबून बघा: छापलेल्या प्रतीवर दस्त क्रमांक आहे का? परिशिष्टांसकट सगळी पानं आहेत का? सोसायटीचे नियम "भाडेकरूवर बंधनकारक राहतील" असं करारात म्हटलं असेल, तर ते नियम हाताशी आहेत का? तीनही हो असतील तरच पुढे जा.

## २. कोण कोण आहे ते समासात लिहा

मराठी दस्तात "लिहून देणार" आणि "लिहून घेणार" असे दोन पक्ष असतात. लिहून देणार म्हणजे घरमालक, लिहून घेणार म्हणजे तुम्ही. घाईत वाचताना हे हमखास उलटं होतं, कारण भाडं देणारे आपण असल्यामुळे "देणार" आपल्यालाच चिकटतो. इंग्रजी दस्तात लायसन्सर आणि लायसन्सी यांची तीच गत, शेवटचं अक्षर सोडलं तर शब्द सारखेच.

म्हणून सलग वाचायला बसण्याआधी फक्त एवढंच करा: दस्तभर जिथे जिथे पक्षाचा उल्लेख येईल तिथे समासात "मा" किंवा "भा" लिहा. पंधरा मिनिटांचं काम आहे. अर्थ लावू नका, नुसत्या खुणा करा. कलमांना आकडे नसतील तर तेही आत्ताच टाका. पुढे यादीतल्या प्रत्येक ओळीला कलमाचा आकडा लागणार आहे.

खुणा झाल्या की एक गोष्ट आपोआप दिसते: कोणत्या कलमात दोन्ही अक्षरं आहेत. ती कलमं सर्वांत अवघड, आणि वेळ तिथेच द्यायचा.

## ३. कलम फोडा, लहान करू नका

लांब कलम आखूड करायचं म्हणजे त्याचा सारांश लिहायचा, असं वाटतं. पण सारांशात अटी विरघळून जातात. त्याऐवजी कलमाचे तुकडे करा, इतके की प्रत्येक तुकड्यात एकच काम उरेल. मग प्रत्येक तुकड्याला पाच प्रश्न विचारा: कोणी, काय करायचं, कधीपर्यंत, कोणत्या परिस्थितीत, आणि नाही केलं तर काय.

आपल्या उदाहरणातलं कलम ९ असं आहे:

> लिहून घेणार यांस सदर मिळकत मुदतीपूर्वी सोडावयाची झाल्यास त्यांनी लिहून देणार यांस एक महिन्याची लेखी आगाऊ नोटीस द्यावी. परंतु कराराच्या पहिल्या सहा महिन्यांत लिहून घेणार यांस मिळकत सोडता येणार नाही व तशी सोडल्यास उर्वरित काळाचे भाडे अनामत रकमेतून वळते करून घेण्याचा लिहून देणार यांस अधिकार राहील. तसेच लिहून घेणार यांनी भाडे देण्यात अगर या करारातील कोणत्याही अटीचे पालन करण्यात कसूर केल्यास लिहून देणार यांस एक महिन्याची लेखी नोटीस देऊन सदरचा करार रद्द करता येईल.

टिपणात याचं होतं "नोटीस १ महिना, लॉक-इन ६ महिने". फोडल्यावर मात्र असं होतं:

- भाडेकरू: मुदतीआधी सोडायचं असेल तर सोडायच्या एक महिना आधी लेखी नोटीस. (क. ९)
- भाडेकरू: पहिल्या सहा महिन्यांत सोडलं तर त्या सहापैकी उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून जाईल. (क. ९)
- मालक: भाडं थकलं किंवा कोणतीही अट मोडली, तरच एक महिन्याच्या लेखी नोटिशीने करार रद्द करू शकतो. (क. ९)

तिसरी ओळ नीट बघा. "दोघांनाही एक महिन्याची नोटीस" असं सगळे धरून चालतात. या करारात मात्र तुम्ही विनाकारण सोडू शकता, मालकाला कारण लागतं. दुसऱ्या करारात हे उलटंही असेल, किंवा दोघांना विनाकारण मुभा असेल. छापील नमुना कोणताही असो, हे वाक्य शब्दशः वाचल्याशिवाय ओळ लिहू नका.

फोडताना कलम कापायच्या जागा हे शब्द दाखवतात: परंतु, तथापि, अन्यथा, तसेच, अगर, खेरीज, अधीन राहून. यातला एकही शब्द कलमात असेल आणि तुमची ओळ एकच असेल, तर काहीतरी सुटलंय. क्रियापदांकडेही लक्ष द्या. "द्यावी", "करावे", "बंधनकारक राहील" म्हणजे काम. "करता येणार नाही" म्हणजे मनाई. "अधिकार राहील", "करता येईल" म्हणजे समोरच्याची मुभा. ते तुमचं काम नाही, पण तुमच्या पैशांशी त्याचा संबंध असेल तर यादीत घ्यायचं.

सावधान: "वेळेवर", "वाजवी", "आवश्यक ती दुरुस्ती" असे शब्द आले तर त्यांना स्वतःच्या मनाने आकडा लावू नका. "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी" याचं तुमच्या यादीत "हजार रुपयांपर्यंतची दुरुस्ती" झालं, तर तुम्ही करार लहान केला नाही, नवा लिहिला. असा शब्द जसाच्या तसा ठेवा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. त्याचं काय करायचं ते पाचव्या टप्प्यात येतं.

काही कलमं मात्र चटकन सोडून द्यायची. "हा करार केवळ अनुज्ञप्तीचा असून यामुळे कुळहक्क निर्माण होत नाही" यात तुम्हाला करायचं काही नाही. न्यायक्षेत्र, दस्ताच्या प्रती कोणाकडे किती, पक्षांचं वर्णन, याही ओळी यादीत नकोत. सगळंच उतरवून घेतलं की पान भरतं आणि कामाची ओळ त्यात बुडते.

## ४. तारखा मोजा

आता प्रत्येक मुदतीची दिनदर्शिकेतली तारीख करायची. "सहा महिने" किंवा "नोटिशीपूर्वी" असं यादीत काहीच उरता कामा नये. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून एकेक करून.

शेवटचा दिवस. १५ जूनला सुरू झालेला महिना १४ जुलैला संपतो. म्हणून ११ महिने १४ मे २०२६ ला आणि २२ महिने १४ एप्रिल २०२७ ला पुरे होतात. लोक १५ एप्रिल धरतात. तेवढ्याने काय बिघडतं? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. वाढीव भाडं २३,१००, त्याची दुप्पट ४६,२००, म्हणजे दिवसाला सुमारे १,५४०. शिवाय १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी. सोसायटीचं ऑफिस त्या दिवशी बंद असेल तर सामान बाहेर काढायचा पास मिळणार नाही. शेवटचा दिवस कोणत्या वारी, कोणत्या सुट्टीला येतो हे आत्ताच बघा आणि ताबा देण्याची तारीख एक-दोन दिवस अलीकडे लिहा.

वाढीचा दिवस. करार "पहिले ११ महिने २२,०००, पुढील ११ महिने २३,१००" म्हणतो, पण डोक्यात मात्र "वर्षाने वाढ" बसलेलं असतं. वाढ १५ मे २०२६ पासून आहे, १५ जूनपासून नाही.

५ तारीख कोणत्या दिवसांची? करार महिन्याच्या मध्यावर सुरू होतो तेव्हा ही गाठ हमखास पडते. दोन अर्थ निघतात. पहिला: भाड्याचा महिना १५ ते १४, आणि ५ तारखेला पुढच्या १५ पासूनचं भाडं आगाऊ द्यायचं. मग ५ मे २०२६ लाच २३,१०० भरावे लागतील, कारण तो हप्ता १५ मेपासूनचा आहे. त्या दिवशी २२,००० भरले तर १,१०० कमी पडले, आणि कलम ९ च्या भाषेत ते "कसूर" धरता येतं. दुसरा अर्थ: भाडं इंग्रजी महिन्याचं. मग जून २०२५ चे १६ दिवसांचे ११,७३३ रुपये, आणि शेवटी एप्रिल २०२७ चे १४ दिवसांचे १०,७८० रुपये. करारात स्पष्ट नसेल तर दोन्ही शक्यता लिहा आणि मालकाला विचारायच्या यादीत टाका.

लॉक-इन आणि नोटीस. लॉक-इन १४ डिसेंबर २०२५ ला संपतो. आपल्या कलमात मनाई "मिळकत सोडण्याला" आहे, नोटीस देण्याला नाही. म्हणजे १४ नोव्हेंबरला नोटीस पोहोचवून १४ डिसेंबर संपल्यावर बाहेर पडता येतं. पण करारात "लॉक-इन कालावधी संपल्यानंतरच नोटीस देता येईल" असं असतं, तर सर्वांत आधीची सुटका १५ जानेवारीच्या आसपास गेली असती. एका शब्दात एका महिन्याचं भाडं, २२,००० रुपये. त्यामुळे यादीत "लॉक-इन ६ महिने" लिहून भागत नाही. दोन तारखा लागतात: नोटीस देता येईल तो पहिला दिवस आणि घर सोडता येईल तो पहिला दिवस.

नोटीस कधी पोहोचली? महिना बहुधा नोटीस मिळाल्यापासून मोजला जातो, पाठवल्यापासून नाही. करारात नोटिशीचं कलम वेगळं असेल तर ती कशी द्यायची हेही त्याच ओळीत घ्या. जुन्या नमुन्यांत "रजिस्टर पोस्ट ए.डी.ने" असं असतं, टपाल खात्याने २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, तेव्हा आता स्पीड पोस्टने पाठवा, पोच मागा, आणि तोच मजकूर ईमेलनेही द्या. टपालासाठी आठवडा धरा. ३१ जानेवारीला निघायचं असेल तर नोटीस ३१ डिसेंबरला समोरच्याच्या हातात हवी, म्हणजे २४ डिसेंबरला टपालात. यादीत २४ लिहा, ३१ नाही.

नूतनीकरणाचा निर्णय. नोंदणीकृत करार आपोआप वाढत नाही. पुढे राहायचं असेल तर नवा दस्त, नवी मुद्रांक फी आणि पुन्हा दोन्ही पक्षांचे अंगठे. "अहो, राहा ना, कागद नंतर करू" असं मालकाने म्हणणं हा करार नव्हे. शेवटच्या दिवसापासून साठ दिवस मागे या: १३ फेब्रुवारी २०२७. त्या दिवशी विचारायचं, म्हणजे उत्तर नाही आलं तरी घर शोधायला दोन महिने राहतात.

इथे थांबून बघा: प्रत्येक तारखेपुढे कलमाचा आकडा आहे का? सुरुवातीची तारीख प्रत्यक्ष किल्ली मिळाल्याची नसून करारातली आहे ना? किल्ली १० जूनला मिळाली आणि करार १५ पासून असेल, तर सगळ्या मुदती १५ पासूनच मोजायच्या.

## ५. जे करारात नाही ते विचारा, गृहीत धरू नका

आता प्रश्नचिन्हं गोळा करा. बहुतेक करारांत ती साधारण याच जागी सापडतात.

डिपॉझिट परत मिळण्याचा दिवस. "ताबा देतेवेळी योग्य ती वजावट करून परत करण्यात येईल" असं लिहिलेलं असतं. योग्य ती म्हणजे कोणती? रंगाचे पैसे कापायचे ठरलं असेल तर किती, की प्रत्यक्ष बिलाप्रमाणे? शेवटचं विजेचं बिल घर सोडल्यावर तीन-चार आठवड्यांनी येतं. तोवर सगळं डिपॉझिट अडकणार की अंदाजे रक्कम बाजूला ठेवून बाकीचं मिळणार?

परिशिष्टातल्या वस्तू. करारात बहुतेकदा एक वाक्य असतं की सर्व वस्तू चालू स्थितीत भाडेकरूच्या ताब्यात दिल्या आहेत. तुम्ही सही केली म्हणजे ते मान्य केलं. बेडरूमचा गीझर पहिल्या दिवसापासून पाणी तापवत नसेल, तर ते पहिल्या आठवड्यातच लेखी कळवायला हवं. म्हणून यादीत "सात दिवसांत: परिशिष्टातली प्रत्येक वस्तू चालवून बघणे, फोटो, आणि दोषांचा ईमेल" अशी ओळ घाला. ही मुदत करारातली नाही, तुम्ही स्वतःवर घातलेली आहे, म्हणून तिच्यापुढे कलमाच्या आकड्याऐवजी "स्वतः" लिहा.

मेंटेनन्स कोणाकडे. मासिक मेंटेनन्स मालकाचा असला तरी पाणी टँकरची वर्गणी, गाडी उभी करण्याचे पैसे, सामान नेण्या-आणण्याचं शुल्क यांचा बहुधा उल्लेखच नसतो.

हे सगळं एका संदेशात, आकडे घालून विचारा. दहा वेगवेगळे संदेश पाठवले की तिसऱ्यानंतर उत्तर येणं बंद होतं. नमुना असा:

> काका, कराराबद्दल तीन गोष्टी लेखी पक्क्या करायच्या होत्या. १) दर ५ तारखेला दिलेलं भाडं त्याच महिन्याच्या १५ पासून पुढच्या १४ पर्यंतचं, असं मी धरतो. २) रंगाची वजावट प्रत्यक्ष बिलाप्रमाणे, की ठरावीक रक्कम? ३) शेवटच्या विजेच्या बिलासाठी ३,००० बाजूला ठेवून उरलेलं डिपॉझिट किल्ली देताना मिळेल ना? बरोबर असेल तर "हो" कळवा, नसेल तर दुरुस्त करा.

उत्तराचा स्क्रीनशॉट यादीसोबत ठेवा. हे उत्तर म्हणजे कराराची दुरुस्ती नव्हे. करारातल्या शब्दाशी ते उघडपणे भिडत असेल, तर नोंदणीकृत दस्तावरच भर राहणार; पण करार जिथे गप्प आहे तिथे त्याचा चांगला उपयोग होतो.

## ६. एका पानावर मांडा

करारातल्या कलमांचा क्रम इथे ठेवू नका. कलमं वकिलाच्या सोयीने लावलेली असतात. तुम्हाला लागतो काळाचा क्रम. वर तारखा, त्याखाली दर महिन्याची कामं, मग मनाई, शेवटी मालकाची कामं. आपल्या उदाहरणाचं पान असं होतं:

तारखा

- १५ जून २०२५: सुरुवात (क. १)
- २१ जून २०२५: परिशिष्टाची तपासणी आणि दोषांचा ईमेल (स्वतः)
- १४ नोव्हेंबर २०२५: लॉक-इन संपताच निघायचं असेल तर नोटीस आज मालकाच्या हातात, टपालात ७ नोव्हेंबरला (क. ९)
- १४ डिसेंबर २०२५: लॉक-इनचा शेवटचा दिवस (क. ९)
- ५ मे २०२६: या हप्त्यापासून २३,१०० (क. २, मालकाचा "हो" १८ जून २०२५)
- १३ फेब्रुवारी २०२७: पुढे राहायचं का, मालकाला लेखी विचारणे (स्वतः)
- १२ एप्रिल २०२७: ताबा, मीटर रीडिंगचा फोटो, किल्ली दिल्याची पोच (स्वतः)
- १४ एप्रिल २०२७: मुदत संपते, सुट्टी, यानंतर दुप्पट दर (क. १, कायद्याचं कलम २४)

दर महिन्याला

- ५ तारखेपर्यंत भाडं, बँकेतून; व्यवहारात "भाडं १५ जुलै–१४ ऑगस्ट" असा कालावधी लिहून (क. २)
- वीजबिल मुदतीत, पावती जपून (क. ५)

करायचं नाही

- भिंतीत खिळे-ड्रिल किंवा बदल, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय (क. ७)
- दुसऱ्या कोणाला ठेवणं किंवा घर पुढे भाड्याने देणं (क. ६)

मालकाची कामं, मी फक्त बघायचं

- नोंदणी: झाली, दस्त क्रमांक लिहिला
- पोलिसांना भाडेकरूची माहिती: पोच मागणे
- मासिक मेंटेनन्स (क. ४)

वीस ओळींच्या आत बसलं पाहिजे. बसत नसेल तर बहुधा मनाईची कलमं सगळी उतरवली गेली असतात. "बेकायदा वस्तू ठेवू नये" यासारखी ओळ, जी करार नसतानाही तुम्ही पाळली असती, ती काढा. "लेखी परवानगीशिवाय" सारखी अट असलेली ओळ मात्र ठेवा, कारण तिथे तोंडी परवानगीवर विसंबून भिंत फोडली जाते आणि वजावट होते.

## ७. उलट तपासणी

आता यादी बाजूला ठेवून करार पहिल्यापासून वाचा आणि प्रत्येक कलमापुढे खूण करा: यादीत आहे, किंवा मुद्दाम सोडलं आहे. दोन्हींपैकी काहीच नसलेलं कलम उरलं, तर ते वाचायचं राहिलं आहे. मग दुसरी बाजू: यादीतल्या प्रत्येक ओळीवरून कलमाकडे जा आणि आकडा, तारीख, अट शब्दाशी ताडून बघा. जमल्यास हे दुसरं काम घरातल्या दुसऱ्या माणसाला द्या. ज्याने यादी लिहिली त्याला आपलीच चूक दिसत नाही.

तीन गोष्टी मुद्दाम तपासा. रकमेचे अंकी आणि अक्षरी आकडे जुळतात का; "रुपये बावीस हजार" आणि पुढे २,२०० असा प्रकार घडतो. मुदतीच्या कलमातली शेवटची तारीख महिन्यांच्या आकड्याशी जुळते का. नमुन्यात तारीख बदलायची राहून जाते. आणि वाढीव भाड्याची रक्कम टक्केवारीशी जुळते का. यातलं काही जुळत नसेल तर यादीत स्वतःला सोयीचा आकडा निवडू नका. एजंटला आणि मालकाला एकत्र कळवा. मूळ दस्तातली चूक चूक-दुरुस्तीच्या दस्तानेच निघते, व्हॉट्सअॅपवरच्या "हो हो, ठीक आहे" ने नाही.

यादी छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि सूचना त्या तारखेला नाही, दहा दिवस आधी लावा. सोबत राहणाऱ्या प्रत्येकाला एक प्रत द्या, कारण भाडं एकाच्या खात्यातून जात असतं आणि घर सोडायचं मात्र दुसऱ्याच्या मनात असतं. मध्येच काही बदललं, मालकाने हप्ता १० तारखेपर्यंत चालेल म्हटलं किंवा मेंटेनन्स तुमच्याकडे आला, तर जुनी ओळ खोडू नका. तिच्यावर एक रेघ मारा, खाली नवी ओळ लिहा, आणि कोणी, कधी, कशावर कळवलं ते तिच्या शेजारी टाका.